दक्षिणद्वार सुरू झालं!

पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की नृसिंहवाडीचे कान एकाच बातमीकडे लागलेले असतात. पाणी देवळात शिरलं, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात आंघोळ करायला माणसं अपरात्रीसुद्धा धावतात. अशा गावातल्या शाळेत पाचवीतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यांत पटकन पाणी येत असेल, तर वर्ग काय ओरडणार हे सांगायला नको. "आलं रं आलं! दक्षिणद्वार सुरू झालं!"

चिडवण्याचं नाव म्हणून हे झकास आहे. पेढ्यांच्या दुकानातल्या पोराला ‘कंदी’ म्हणणं त्यापुढे अगदीच फिकं. पण ते झकास आहे म्हणूनच टिकतं. पोरगं रडलं की भाकीत खरं ठरतं आणि बघे खूश होतात. पोरानं ठोसा मारला तर आणखी मजा, कारण आता शिक्षा त्यालाच होणार. "लक्ष देऊ नको," असं आपण मोठी माणसं सांगतो. लक्ष न देणाऱ्या मुलाचे लाल झालेले कान मात्र तिसऱ्या बाकावरूनही दिसतात.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मी एक खेळ घेते. अमेरिकेतले शालेय मानसशास्त्रज्ञ इझी कॅलमन असाच खेळ दोन फेऱ्यांत करून दाखवतात. त्याला मी वाडीचं पाणी पाजलं, इतकंच. मुलांना सांगते, मला चिडवा. पहिल्या फेरीत मी चिडते: "खबरदार! पुन्हा म्हणालास तर बघ!" ‘ढब्बू बाई’ म्हणणारा आवाज लगेच दुप्पट चढतो, मागच्या बाकांनाही कंठ फुटतो. दुसऱ्या फेरीत तोच मुलगा, तोच शब्द. मी म्हणते, "व्हय रे, माझ्यासाठी घरची दारंसुद्धा रुंद करावी लागली." तो आणखी एकदा म्हणतो, मग ‘आता काय?’ अशा चेहऱ्यानं माझ्याकडं बघतो. दोन्ही फेऱ्यांत शब्द सारखाच होता, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

माझ्या वर्गातल्या ‘दक्षिणद्वार’वाल्या रडक्या पोरानं घरून पहिलं उत्तर तयार करून आणलं होतं: "तू आधी तुझं थोबाड धू त्या पाण्यात." वर्ग हसला आणि मधल्या सुट्टीत दोघं मातीत लोळले. विनोदाचं टोक समोरच्याकडं वळलं की तो विनोद राहत नाही, परतफेड होते. मग आम्ही दुसरं वाक्य शोधलं. त्याच्या नावाचीच थट्टा त्यानं आणखी मोठी करायची: "व्हय की! जा, गावाला सांग, आंघोळीला गर्दी झाली पाहिजे." वाक्य आखूड, आवाज रोजचा, आणि बोलून झालं की पुन्हा वहीत डोकं. उत्तरानंतर टाळीची वाट बघत उभं राहिलं की चिडवणं पुन्हा सुरू झालंच म्हणून समजा.

"पण बाई, मला रडू येतंच की," तो म्हणाला. येऊ दे म्हटलं. डोळे आपल्या हुकमतीत नसतात, जीभ थोडीफार असते. ओल्या डोळ्यांनी म्हटलेलं ते वाक्य तर जास्तच शोभलं.

सुरुवातीचे दिवस जड जातात. नेहमीची मजा मिळेना म्हणून पोरं जास्तच चिडवतात, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "असल्यानं काय हुतंय?" उपाय लागू पडतोय हे चिडवणाऱ्याच्या नजरेवरून ओळखावं. तो आता नाव घेऊन आजूबाजूला बघतो, कोण हसतंय का म्हणून.

या युक्तीवर एक आक्षेप घेतला जातो: मार खाणाऱ्यालाच शहाणपण का शिकवायचं? आक्षेप रास्त आहे, म्हणून कुंपण आधी घालून ठेवावं. जातीवरून, अपंगत्वावरून काढलेला शब्द, अंगावर टाकलेला हात, चौघांनी मिळून एकाला गाठणं, इथं विनोद करायचा नाही. तडक माझ्याकडं यायचं, आणि ती चहाडी नव्हे. जातीवरच्या शिवीला मुलानं हसून उत्तर द्यावं ही अपेक्षाच क्रूर आहे. तिथं शिकवणी शिवी देणाऱ्याची घ्यायची.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "आणि बाई, तुम्हीच चिडवलं तर?" प्रश्न बरोबर होता. ‘ढ’, ‘दगड’ हे शब्द मुलांच्या आधी आमच्या खुर्चीवरून निघतात, आणि त्यांना उत्तर द्यायची सोय मुलांना नसते. मग ठरलं की माझ्या तोंडून ‘दगड’ निघालं तर पोरानं म्हणायचं, "व्हय बाई, पण पुरात वाहून जात न्हाई." शिक्षकांच्या खोलीत एका सरांनी याला सरळ उद्धटपणा म्हटलं. आमचा तो वाद अजून मिटलेला नाही. पोरांनी मात्र ते वाक्य त्याच दिवशी पाठ केलं.