काट्याजवळचा रंग

मालवणातल्या माझ्या खानावळीत सुरुवातीच्या दिवसांत एका ताटातला पापलेट परत आला होता. वरचा रवा खमंग, लालसर, अगदी हवा तसा. पण गिऱ्हाइकाने डोक्यामागचं मांस उचललं, तर ते काट्याला चिकटलेलं, खाली गुलाबी ओलसर. मी रव्याच्या रंगावर विसंबले होते, आणि आच मोठी होती.

अख्खा मासा तव्यावर टाकला की उष्णतेला दोन्ही बाजूंनी मधल्या काट्यापर्यंत पोचायचं असतं. घाई केली तर बाहेर करपतं आणि आत कच्चं राहतं. म्हणून तीनशे ग्रॅमच्या पापलेटला आता मी दोन्ही अंगांना तीन-तीन चिरा देते, काट्याला सुरी लागेपर्यंत. तेल नीट तापल्यावर मासा सोडते, आणि मिनिटभराने आच मध्यमाहून थोडी कमी करते. एक बाजू सहा-सात मिनिटं, दुसरी जवळजवळ तेवढीच. पहिली चार मिनिटं मी उलथणं लावत नाही. कड धरलेली नसताना मासा उचलला तर रवा तव्यालाच राहतो. कड धरली की मासा आपणहून सुटतो.

काटे नकोत म्हणणाऱ्यांसाठी रावसाचा सालीसकट फिले करते, तेव्हा हे सगळं बदलतं. बोटभर जाडीचा तुकडा, आत काटा नाही, उष्णतेला थोडंच अंतर जायचं. इथे मंद आच घातक ठरते. मांस पाणी सोडतं, तुकडा त्या पाण्यात शिजतो आणि साल चिवट होते. म्हणून फिले फडक्याने कोरडा टिपते, आच मध्यमाहून मोठी ठेवते आणि साल खाली घालते. साल आखडून तुकडा वाकू नये म्हणून पहिलं अर्धं मिनिट उलथण्याने हलकेच दाबून धरते. मग नुसतं कडेकडे बघायचं. कच्चा रावस काचेसारखा दिसतो, शिजलेला दुधाळ. हा दुधाळपणा खालून वर चढताना डोळ्यांना दिसतो. चारेक मिनिटांत दोनतृतीयांश उंची गाठली की उलटायचं, आणि मिनिटभरात उतरवायचं. मधोमध काचेची बारीक रेघ उरली तरी चालते, ताटात जाईपर्यंत ती आतल्या उष्णतेने मिटते. तुकड्यावर पांढरे थेंब फुटू लागले, तर मात्र उशीर झाला. पाकळ्या सुटतील, पण घशात कोरड्या लागतील.

अख्ख्या माशात अशी रेघ दिसत नाही. तिथे डोक्यामागची, सगळ्यात जाड भागातली चीर उलथण्याच्या टोकाने उघडायची. मांस पांढरंशुभ्र असावं, पाकळ्यांनी सुटावं आणि काटा मोकळा दिसावा. गुलाबी दिसलं, तर झाकण न ठेवता आणखी दोन मिनिटं, मंद आचेवर. झाकलं की वाफेने रवा मऊ पडतो. त्या गिऱ्हाइकाला मी दुसरा पापलेट तळून दिला, आणि ताट बाहेर नेण्याआधी तीच चीर उघडून बघितली.