साठीनंतरचे पन्नास हजार

साठ वर्षं पूर्ण झाली की प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा वाढते, हे बहुतेकांना माहीत असतं. का वाढते, हे विचारलं की "म्हाताऱ्यांचा मान ठेवायला" असं उत्तर येतं. कायद्यात मानाचा प्रश्न नाही, तिथे ऐपतीचा विचार आहे.

पिंपरी किंवा चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा पगार महागाईबरोबर थोडाफार वाढतो. कमी पडलं तर तो ओव्हरटाइम करतो. निवृत्तीनंतर तोच माणूस ठेवीच्या व्याजावर येतो. ठेव पाच वर्षांची असेल तर व्याजाचा आकडाही पाच वर्षं तोच राहतो. इकडे औषधं महागतात आणि ओव्हरटाइमचा पर्याय संपलेला असतो. म्हणजे सहा लाख कमावणारा तिशीतला कामगार आणि सहा लाखांवर जगणारा सत्तरीतला माणूस कागदावर सारखे दिसले, तरी त्यांची कर देण्याची ऐपत सारखी नसते. वयावर सवलत देण्यामागचं कारण हे आहे.

आता ही सवलत रुपयांत किती, ते पाहू. 2005-06 मध्ये सर्वसाधारण मर्यादा 1 लाख होती आणि ज्येष्ठांची 1 लाख 85 हजार, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तेव्हा ज्येष्ठ म्हणजे 65 वर्षांचे. 2011च्या अर्थसंकल्पात ते वय 60 वर आलं आणि 80 च्या पुढच्यांसाठी 5 लाखांची वेगळी मर्यादा आली. आज जुन्या करपद्धतीत इतरांना अडीच लाख आणि साठीनंतर तीन लाख. फरक पन्नास हजारांचा, त्यावर 5 टक्के म्हणजे 2,500 रुपये, उपकर धरून 2,600. वर्षभरात यापेक्षा जास्त वाचत नाही. नव्या करपद्धतीत तर सगळ्यांची मर्यादा 4 लाखच आहे, मग वय वीस असो की नव्वद.

मग वयाचा विचार कायद्यातून गेला का? नाही, त्याने जागा बदलली. आता तो कर कापण्याच्या पद्धतीत सापडतो.

समजा, तळेगावात शेजारी राहणारे दोघं आहेत, एक 62 वर्षांचे आणि दुसरे 57 व्या वर्षी व्हीआरएस घेतलेले. फंड, ग्रॅच्युइटी आणि गावाकडची जमीन विकून आलेले मिळून दोघांच्याही बँकेत 60 लाख आहेत. 7 टक्क्यांनी वर्षाला 4 लाख 20 हजार व्याज, दुसरं उत्पन्न नाही. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या पद्धतीने दोघांचाही कर शून्य, कारण चार लाखांच्या वरच्या वीस हजारांवर येणारे 1,000 रुपये रिबेटमध्ये माफ होतात.

त्या वर्षी 62 वर्षांचे गृहस्थ बँकेत 15एच फॉर्म देऊन पूर्ण व्याज घरी नेऊ शकत होते. त्या फॉर्मची अट एकच होती: अखेरचा कर शून्य असावा. 57 वर्षांच्या शेजाऱ्याला 15जी भरावा लागत होता आणि त्यात दुसरी अट होती: वर्षाचं व्याज करमुक्त मर्यादेच्या आत हवं. त्याचं व्याज चार लाखांच्या वर गेलं, म्हणून फॉर्म चालत नव्हता. बँक 10 टक्के म्हणजे 42,000 रुपये कापते. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात, पण पुढच्या वर्षी. तोवर घरखर्च त्या रकमेविना चालवायचा. वयाची सवलत इथे 42,000 रुपयांइतकी जाणवते, पन्नास हजारांच्या मर्यादेत ती 2,600 ची होती.

इथेच या तर्काची मर्यादाही दिसते. कायदा वयाला पगार थांबल्याची खूण मानतो, पण पगार साठीला विचारून थांबत नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या डिसेंबरमध्ये बंद झाला, तेव्हा चाळिशीतल्या कामगारांचाही पगार थांबला. त्यांच्यासाठी या रकान्यात काही नव्हतं.

दुसरी मर्यादा आपल्या घरांत जास्त जाणवेल. जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना 50,000 रुपयांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते. आपल्यातले कित्येक जण व्याज घेत नाहीत, साठवलेल्या पैशातून एखादी खोली बांधून भाड्यावर म्हातारपण काढतात. घरभाड्यावर 30 टक्के वजावट आहे, पण ती कुठल्याही वयाच्या घरमालकाला तेवढीच. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचा म्हातारा ठेवीदार होता, भाडेकरू ठेवणारा नव्हता.

तरी सरकार प्रत्येकाच्या औषधाची बिलं तपासू शकत नाही. जन्मतारीख मात्र एका कागदावर कळते, खोटी करणं कठीण आणि बाबूला त्यात मर्जी चालवता येत नाही. वय हा ऐपतीचा ढोबळ अंदाज आहे. म्हणून घरातल्या साठीपारच्या माणसाचा हिशेब करताना फक्त मर्यादेचा आकडा पाहून थांबू नका. एप्रिलमध्येच बँकेत जाऊन कर न कापण्याचा फॉर्म दिलाय का, ते विचारा.