एका स्लाइडची सहा वाक्ये

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सर्पदंशावर एक माहितीसत्र आखले होते. भातलावणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर, गवताच्या गंजीत आणि कधी अंथरुणातही साप निघतो, हे आमच्या वाडीतील मुलाबाळांनाही ठाऊक आहे. कार्यक्रमाच्या आदल्या सायंकाळी ज्या तरुणाने स्लाइड तयार केल्या होत्या तो संगणक घेऊन आमच्या खोलीत आला आणि म्हणाला, "फादर, एकदा नजरेखालून घाला, व्याकरण तेवढे बघा."

व्याकरण निर्दोष होते. चौथी स्लाइड मात्र आम्ही पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा वाचली. तीत सहा वाक्ये होती. दोन दातांच्या खुणा असल्यास साप विषारी, अनेक असल्यास बिनविषारी. दंशाच्या वर दोरी घट्ट बांधावी व दर अर्ध्या तासाने सैल करावी. जखमेवर चीर देऊन रक्त वाहू द्यावे. साप मारून सोबत न्यावा. रुग्णाला हलवू नये. भारतात दरवर्षी ४६,००० माणसे सर्पदंशाने मरतात.

दुसऱ्या वाक्यापाशी आम्ही थबकलो, त्याला कारण होते. सेमिनरीत असताना प्रथमोपचाराच्या वर्गात हेच वाक्य आम्ही पाठ केले होते. दोरीखाली एक बोट जाईल इतपत ती घट्ट असावी, अशी त्याला पुस्ती होती. पुढे आदिवासी पाड्यांवरील एका मिशनकेंद्रात आमची पहिली नेमणूक झाली. तेथे एका पावसाळी रात्री पायाला साप चावलेल्या एका मजुराच्या पोटरीवर आम्ही स्वतःच्या हातांनी सुतळी आवळली, आणि बोट जाईल की नाही हे घाईत पाहिलेच नाही. रुग्णालयात पोहोचायला चार तास लागले. तो वाचला, पण त्याच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. विषाने किती नासले आणि सुतळीने किती, हे निश्चित सांगता येणार नाही, असे डॉक्टर आम्हांला म्हणाले. ते सौजन्याने बोलले असावेत, असे आम्हांला आजही वाटते.

म्हणून आम्ही त्या तरुणाला विचारले, "अरे, हे कोठून घेतलेस?" त्याने अभिमानाने सांगितले की वाक्य ताडून पाहिलेले आहे. आमच्याच वाचनालयातील प्रथमोपचाराच्या पुस्तकात ते शब्दशः सापडते. पुस्तक काढून पाहिले, तर खरोखर सापडले! मग आम्ही मुखपृष्ठ उलटून त्याच्या पाठचे पान पाहिले. प्रकाशनवर्ष होते १९७८. स्लाइड आणि पुस्तक एकमेकांशी जुळत होते, कारण दोन्हींची चूक एकाच काळातली होती. पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहताना आधी त्या पाठ्यपुस्तकाचेच वय पाहावे लागते, ते असे.

दवाखान्यातील सिस्टरांकडे वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची अलीकडची आवृत्ती होती. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या सर्पदंशविषयक मार्गदर्शिकेची छापील प्रतही होती. त्या रात्री जेवणाच्या मेजावर आम्ही तिघे दोन्ही पुस्तके घेऊन बसलो. सिस्टरांनी एक शिस्त घालून दिली. वाक्य पुस्तकात आहे की नाही एवढेच पाहायचे नाही. ते कोणत्या मथळ्याखाली आहे, तो परिच्छेद घरच्या माणसाला उद्देशून आहे की रुग्णालयातील डॉक्टराला, आणि त्यामागे कोणती अट आहे, हेही वाचायचे. आणि पान क्रमांक कागदावर लिहायचा.

दोरीचा निकाल लवकर लागला. दोरीने रक्तप्रवाह तुटतो आणि तिच्याखालचा अवयव सडू शकतो. घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने त्या जागेच्या ऊतींवरच आघात होतो, तेथे विष कोंडून ठेवणे म्हणजे आगीवर झाकण घालण्यासारखे आहे. शिवाय दोरी एकाएकी सोडली तर साठलेले विष एकदम अंगात पसरते. म्हणजे 'दर अर्ध्या तासाने सैल करावी' हा दिलाशाचा भाग त्या वाक्यातला सर्वांत घातक भाग ठरला.

येथे तरुणाने एक रास्त शंका काढली. एका चलचित्रात त्याने डॉक्टरांना संपूर्ण पायावर लवचीक पट्टी गुंडाळून त्याला फळी बांधताना पाहिले होते. मग ते खोटे का? ते खोटे नाही, ते ऑस्ट्रेलियातले आहे. स्ट्रुआन सदरलँड या संशोधकाने १९७९ साली ही पद्धत मांडली. तेथील विषारी साप नागाच्या कुळातले असल्यामुळे त्यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर आणि रक्तावर काम करते, दंशाची जागा सहसा फारशी नासत नाही. आपल्याकडे नाग आणि मण्यार यांच्याबरोबर घोणस आणि फुरसेही आहेत, आणि अंधारात चावला तो कोणता हे बहुधा कळत नाही. मार्गदर्शिकेतही हा भेद स्पष्ट केला आहे. मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या सापांच्या दंशात तशी पट्टी उपयोगाची, घोणस-फुरशांच्या दंशात ती स्थानिक इजा वाढवण्याचा धोका. एका देशात बरोबर असलेले वाक्य दुसऱ्या देशाच्या पडद्यावर चुकीचे होऊ शकते, हे त्या तरुणाला पटले. खरे सांगायचे तर आम्हांलाही ते त्याच रात्री नीट उमगले.

चीर देण्याविषयी वाद नव्हता. विष तसे बाहेर येत नाही; उलट घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची शक्तीच गेलेली असेल, तर त्या चिरेतून रक्त थांबत नाही. साप मारून नेण्याचे वाक्यही आम्ही खोडले. सापामागे धावण्यात वेळ जातो, दुसऱ्यालाही दंश होतो, मेलेल्या सापाचे डोकेही प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. आणि भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असल्यामुळे साप ओळखला म्हणून कुपी बदलत नाही.

पहिले वाक्य अर्धसत्य होते, आणि अर्धसत्य खोडणे कठीण. विषारी सापाचे दोन विषदंत असतात हे खरेच आहे. परंतु दंश निसटता झाला तर एकच खूण उमटते, कधी ओरखडाच दिसतो, आणि मण्यारीची खूण तर शोधूनही सापडत नाही. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना नाममात्र, सूज नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वास मंदावतो. अशा घरात 'दोन खुणा दिसत नाहीत, म्हणजे बिनविषारी' हे वाक्य कोणी आठवले, तर तो रुग्ण सकाळपर्यंत घरीच राहील. आम्ही त्याजागी लिहिले: खुणा पाहून ठरवू नये, चावल्याचा संशय असला तरी रुग्णालयात न्यावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र गेला तो पाचव्या वाक्यावर. 'रुग्णाला हलवू नये.' तिघांपैकी कोणालाही त्यात प्रथम वावगे दिसले नाही, कारण पुस्तकातही हेच आहे असे आम्हांला वाटत होते. सिस्टरांनी परिच्छेद मोठ्याने वाचला तेव्हा ध्यानात आले की पुस्तक वेगळेच सांगते आहे. रुग्णाने हालचाल करू नये, चालू नये, दंश झालेला हात वा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळी बांधून स्थिर ठेवावा; कारण स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते. पण त्या स्थिर माणसाला उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यायचे असते! आमच्या वाक्याने मात्र एखादे भाबडे कुटुंब रुग्णाला खाटेवर तसाच ठेवून डॉक्टरांची वाट पाहत बसले असते. एकही शब्द चुकीचा नव्हता. कोणी हलायचे नाही आणि कोणी हलवायचे, एवढेच सांगायचे राहिले होते. आम्ही रविवारी प्रवचन देणारी माणसे. आपले वाक्य ऐकणाऱ्याच्या घरी जाऊन काय होते, याचा विचार आम्ही त्या रात्री बराच वेळ केला. नवे वाक्य असे झाले: रुग्णाला चालू देऊ नका, हातपाय स्थिर ठेवून उचलून वाहनात ठेवा आणि ताबडतोब निघा. त्याखाली अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढण्याची सूचना घातली, कारण सूज चढल्यावर तेच दोरीसारखे आवळतात.

उरला तो आकडा. ४६,००० हा आकडा मनाने रचलेला नव्हता. तो २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासातला असून २००५ या वर्षाचा अंदाज आहे. त्याच धाग्यातील २०२० सालच्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात सुमारे बारा लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज दिला. स्लाइडवर वर्षच नव्हते, म्हणून जुना अंदाज आजची वस्तुस्थिती होऊन बसला होता. रुग्णालयांच्या नोंदींतून निघणारा आकडा याहून पुष्कळ लहान असतो, कारण बहुसंख्य माणसे रुग्णालयाबाहेरच मरतात. म्हणून आम्ही आकड्यापुढे 'अंदाज' हा शब्द आणि वर्षे, दोन्ही लिहिली.

रात्री साडेअकराला तरुणाने संगणक मिटला. आता स्लाइड शुद्ध झाली असे आम्हां तिघांचेही मत होते. 'दोरी बांधू नये' असे तीत ठळक अक्षरांत लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी सभागृहात ती स्लाइड पडद्यावर आली तेव्हा मागच्या बाकावरून एका वयस्कर बाईंनी हात वर केला. "फादर, शेजाऱ्यांनी आधीच बांधून टाकली असेल तर? वाटेत सोडायची का?"

सभागृह शांत झाले. तो मजूर आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आदल्या रात्री जे वाचले होते ते शुद्ध केलेल्या स्लाइडवर आलेच नव्हते. सिस्टर उठल्या आणि त्यांनी उत्तर दिले: वाटेत सोडायची नाही. तशीच रुग्णालयात न्यायची, डॉक्टरांना ती दाखवायची. प्रतिविष सुरू करून आणि श्वासाची साधने हाताशी ठेवूनच ते ती सोडतात. "आणि बांधली कधी, ती वेळ लक्षात ठेवा," असे त्यांनी वर सांगितले.

तरुणाने तेथेच उभ्या उभ्या ते वाक्य टंकित केले आणि खाली मार्गदर्शिकेचे वर्ष व पान घातले. १९७८ चे ते पुस्तक आम्ही वाचनालयातून काढले नाही. त्यात हाड मोडल्यावर फळी कशी बांधावी याची चित्रे फार सुरेख आहेत. सर्पदंशाच्या पानावर मात्र आम्ही एक चिठ्ठी डकवली आहे, आणि तिच्यावर आजची तारीख घातली आहे.