जागे पाय

सातव्या महिन्यात माझी भाची आमच्याकडे राहायला आली. रात्री दिवा मालवला की तिचे पाय जागे होत. "मावशी, दुखत नाहीत गं, पण हलवल्यावाचून राहवत नाही!" ती म्हणे. चार पावले चालली की बरे वाटे, आडवी झाली की पुन्हा तेच. पहाटे डोळा लागलाच तर चित्रविचित्र स्वप्ने पडत. आणि घडोघडी जाग येत असल्यामुळे ती सारी लक्षातही राहत.

पायात गोळा येतो तेव्हा पोटरी दगडासारखी घट्ट होऊन कळ येते. इथे नुसती चुळबूळ. डॉक्टरीणबाईंनी रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन ठीक निघाले, साठा मात्र रिता! लोहाची गोळी ती नेमाने घेत होती. पण कॅल्शियमच्या गोळीसोबत, आणि वर चहा. हे दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मात्रा ठरवून दिली: लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री, चहा दोन तासांनी. सर्दीवरची झोप आणणारी गोळीही त्यांनी थांबवली. तिने पाय अधिकच चाळवतात. निजण्यापूर्वी पोटऱ्या ताणायच्या आणि कोमट पाण्याने पाय शेकायचे, एवढेच घरचे उपाय.

साठा भरायला आठवडे लागतात. महिन्याभराने तिच्या रात्रीच्या येरझारा पुष्कळ कमी झाल्या. उरलेली चुळबूळ बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जाते. मात्र एकच पाय सुजून दुखू लागला, तर चोळत न बसता लगेच डॉक्टरांकडे जावे.