काचेखालची हवा

नवी टेम्पर्ड ग्लास बसवली आणि त्याच संध्याकाळपासून फोन मला ओळखेनासा झाला. अंगठा ठेवला की स्क्रीनवरचा गोल उजळायचा, फोन थरथरायचा आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं यायचं. लागोपाठ पाच वेळा चुकलं की अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मुकाट पिन टाका. भाजीवाल्यासमोर एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हाताने पिन टाकताना मागच्या माणसाचा सुस्कारा ऐकू येतो.

दुकानातल्या मुलाकडे गेलो तर तो म्हणाला, "दादा, सेटिंगमध्ये जाऊन टच सेन्सिटिव्हिटी वाढवा, होईल सगळं नीट." वाढवली. टायपिंग सुधारलं, अंगठ्याचं रडगाणं तसंच राहिलं. त्याचं कारण नंतर कळलं. बोटाचा स्पर्श ओळखणारा थर वेगळा आणि ठसा वाचणारा सेन्सर वेगळा. ते सेटिंग पहिल्यासाठी आहे.

मग घरी स्क्रीन बंद करून फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरला. सेन्सरच्या जागी काचेवर बोट दाबलं की आत तेलकट रंगाचं एक वलय पसरत होतं आणि बोट उचललं की आक्रसून नाहीसं होत होतं. दोष तिथेच होता. माझ्या ग्लासला गम फक्त कडेने होता. त्या गमाची पट्टी काळ्या बॉर्डरखाली झाकलेली असते, म्हणून वरून काही दिसत नाही. मधल्या सगळ्या भागात काच नुसती टेकलेली आणि तिच्याखाली हवेचा पातळ थर. खोक्यावर ठळक 11D छापलेलं होतं, पण ते विक्रीचं नाव आहे. गम कुठे आहे, हे त्यावरून समजत नाही.

एवढ्याशा हवेने काय बिघडतं? माझ्या फोनमधला सेन्सर ऑप्टिकल आहे, म्हणजे स्क्रीनच्या खाली बसवलेला एक लहानसा कॅमेराच. अंगठा ठेवला की तेवढा गोल भाग प्रखर उजळतो. तो उजेड बोटाला लागून परत येतो आणि पिक्सेलमधल्या फटींतून खालच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. बोटावरच्या रेषा काचेला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत. या दोन्हींतल्या फरकातून ठशाचं चित्र तयार होतं. पण काच आणि हवा जिथे भेटतात, अशा प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड बोटापर्यंत न जाताच मागे फिरतो. आत हवेचा थर असला की असे दोन जादा पृष्ठभाग तयार होतात. तो फुकटचा उजेड ठशाच्या चित्रावर पडतो आणि रेषा फिक्या होतात. शिवाय काचेच्या जाडीमुळे बोट कॅमेऱ्यापासून थोडं लांब जातं, त्याने चित्र आणखी पुसट होतं.

बायकोच्या फोनवर अशीच कडेने गम असलेली ग्लास होती. तिथे सेन्सर अडखळत नव्हता, साफ बंदच होता. तिचा सेन्सर अल्ट्रासॉनिक आहे, तो उजेडाऐवजी ध्वनिलहरी वापरतो. या लहरी हवेच्या थरावरून जवळजवळ पूर्णपणे परत फिरतात, बोटापर्यंत जातच नाहीत. आपला सेन्सर कोणता हे ओळखायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत अंगठा ठेवून बघा. बोटाखालून झगझगीत उजेड आला तर ऑप्टिकल. तिच्या फोनवर आम्ही शेवटी ग्लासचा नाद सोडला आणि मशीनवर कापून देतात ती हायड्रोजेल फिल्म लावली. ती पातळ असते आणि सगळीकडून चिकटते.

माझ्या फोनचं काम क्रमाने केलं. आधी एका कोपऱ्यातून प्लास्टिकचं कार्ड सरकवून ग्लास काढली आणि उघड्या स्क्रीनवर अंगठा ठेवला. फोन झटक्यात उघडला. याचा अर्थ सेन्सर ठणठणीत होता. उघड्या स्क्रीनवरही तो चालला नसता, तर नव्या ग्लासवर पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

नंतर सफाई. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ मायक्रोफायबर फडक्यावर घेतलं, थेट स्क्रीनवर ओतलं नाही. कडेचा जुना गम आणि हाताचं तेल पुसून काढलं, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं आणि उरलेले धुळीचे कण चिकटपट्टीने टिपले. सेन्सरच्या जागी एक कण राहिला तरी त्याच्याभोवती हवेचा बुडबुडा राहतो, म्हणून तिथे जरा जास्त वेळ दिला.

नवी ग्लास घेताना पूर्ण गमाची आणि पातळ मागितली. दुकानदार प्रायव्हसी ग्लासचा आग्रह करत होता, ती नको म्हटलं. शेजारच्याला स्क्रीन दिसू नये म्हणून त्या काचेत बारीक उभ्या पट्ट्या असतात. तिरका उजेड त्या अडवतात, आणि ऑप्टिकल सेन्सरला लागणाऱ्या उजेडातलाही काही भाग खातात. मॅट काचेचंही तसंच, ती उजेड पसरवते.

ग्लास बसली, ट्यूबलाइटखाली वलय दिसेना. तरी फोन जरा रेंगाळतच उघडत होता. जुना ठसा उघड्या स्क्रीनवर नोंदवलेला होता आणि आता सेन्सरला दिसणारं चित्र काचेतून येत होतं. फोन दोन्ही जुळवायला बघत होता, कधी जुळायचं, कधी नाही. म्हणून सगळे जुने ठसे काढून टाकले आणि ग्लास असतानाच नवे घेतले. त्याआधी बँकेच्या ॲपचा पिन आठवतोय ना, याची खात्री केली. नवा ठसा नोंदवला की बरीचशी बँकिंग ॲप जुनी परवानगी रद्द करतात आणि पिनने पुन्हा लॉगिन करायला लावतात.

नोंदवताना हात धुऊन पूर्ण कोरडे केले. फोन टेबलावर ठेवला नाही, रोज धरतो तसा हातात धरला, कारण त्या वेळी अंगठा तिरका पडतो आणि नोंदही तशीच व्हायला हवी. दर वेळी अंगठा नीट दाबला, पूर्ण उचलला, किंचित सरकवून पुन्हा ठेवला. स्क्रीनवर कडा मागितल्या तेव्हा अंगठ्याचं टोक आणि दोन्ही बाजू दिल्या. उजवा अंगठा दोनदा, दोन वेगळ्या नावांनी नोंदवला. त्यानंतर फोन पूर्वीसारखा चटकन उघडू लागला.

नोंदवण्याआधी आतला थर नीट आहे ना, हे बघणं केवळ सोयीचं नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 10 वर काही सिलिकॉन कव्हर लावल्यावर फोन कुणाच्याही बोटाने उघडू लागला होता. कव्हरवरची नक्षीच सेन्सर ठसा म्हणून वाचत होता. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली, आणि कव्हर काढून जुने ठसे पुसून नवे नोंदवा, असं ग्राहकांना सांगावं लागलं. म्हणून नवं काही लावलं की घरातल्या दुसऱ्याचं बोटही एकदा ठेवून बघावं.

हे सगळं करूनही आईच्या फोनवर फारसा फरक पडला नाही. वर्षानुवर्षं भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात, थंडीत कातडी कोरडी पडली की त्या आणखी फिक्या होतात. तिथे काच बदलून उपयोग नाही. तिच्यासाठी पिनच बरा.

बाकीच्यांनी दुकानात एकच प्रश्न विचारावा: मधल्या भागालाही गम आहे का? 'हो' म्हटलं तरी ग्लास लावून झाल्यावर उजेडात तिरकी धरून सेन्सरच्या जागी बोट दाबून बघा आणि मगच पैसे द्या. मग घरी येऊन जुने ठसे काढा आणि नवे घ्या.