भटकणारे सगळे चोर? १८७१ च्या कायद्यामागचा तर्क आणि त्यातील एक सुटलेली कडी

१/ १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा केला. एखादी जमात, टोळी वा वर्ग गुन्ह्यांना सरावलेला आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, की वरिष्ठ सरकारच्या मंजुरीने ती जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित होई. त्या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. हजेरी, परवाने आणि पुढे सेटलमेंटचे कुंपण हे सारे त्यामागून आले.

२/ या व्यवस्थेमागे वावरणारा विचार कलमांत शब्दशः लिहिलेला नाही. पण त्याचा सांगाडा असा मांडता येतो:
चोरांच्या टोळ्या भटकतात.
हे तांडे भटकतात.
म्हणून हे तांडे चोरांच्या टोळ्या आहेत.
ऐकताना तो पटतो. दोन्ही आधारविधाने खरी मानली, तरी निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

३/ दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष अशा रचनेला तर्कशास्त्रात संवाक्य म्हणतात. दोन्ही आधारांत येणारे, पण निष्कर्षात न येणारे पद म्हणजे मध्यपद. येथे ते आहे ‘भटकणारे’. चोर आणि तांडे यांना जोडण्याचे काम त्याचे. त्यासाठी निदान एका विधानात तरी त्याने भटकणाऱ्या सर्वांविषयी काही सांगायला हवे.

४/ ‘सर्व चोर भटकतात’ हे विधान सर्व चोरांविषयी बोलते, सर्व भटकणाऱ्यांविषयी नाही. ‘सर्व तांडे भटकतात’ याचीही गत तीच. भटकणाऱ्यांच्या मोठ्या वर्तुळात चोर एका कोपऱ्यात असतील, तांडे दुसऱ्या. त्यांची गाठ पडलीच पाहिजे असे कोणतेही विधान सांगत नाही. हाच अव्याप्त मध्यपदाचा दोष.

५/ त्या मोठ्या वर्तुळात आणखी कोण होते? मेंढरे घेऊन फिरणारा धनगर होता. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणारा बंजारा होता. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसद अशाच तांड्यांवर अवलंबून होती. आणि हिवाळ्यात तंबू ठोकत जिल्हाभर दौरा करणारा कलेक्टरही होता. तर्क खरा धरला, तर कलेक्टरसाहेबांचीही हजेरी घ्यावी लागली असती!

६/ दोष ओळखण्याची सोपी रीत हीच. रचना तशीच ठेवावी आणि पदे बदलावीत. कावळे पक्षी आहेत, पोपट पक्षी आहेत, म्हणून पोपट कावळे आहेत. येथे कोणीही हसेल. जमातीचे नाव आले की मात्र हसू थांबते, कारण निष्कर्ष आधीच मनात बसलेला असतो.

७/ दुसरी रीत म्हणजे सुटलेली कडी उघडपणे लिहून काढणे. ‘भटकणारे सर्व चोर असतात’ असे म्हटले की संवाक्य निर्दोष होते. पण आता हे विधान सिद्ध करावे लागते आणि ते धडधडीत खोटे आहे. ‘बहुतेक चोर भटकतात’ असे म्हणूनही भागत नाही. प्रश्न चोरांपैकी किती भटकतात हा नसून, भटकणाऱ्यांपैकी किती चोर आहेत हा असतो.

८/ यातील एक विषमता लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘सर्व चोर भटकतात, ही माणसे भटकत नाहीत, म्हणून ती चोर नाहीत’ हा तर्क आकाराने निर्दोष आहे, कारण नकारार्थी विधान भटकणाऱ्या सर्वांना या माणसांपासून वेगळे काढते. म्हणजे तेच पहिले विधान कोणाला निर्दोष ठरवू शकते. दोषी कधीच ठरवू शकत नाही.

९/ याचा अर्थ तांड्यात चोर असूच शकत नाही, असा नव्हे. तर्क सदोष असला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो फक्त सिद्ध होत नाही. तो सिद्ध करण्यासाठी त्या माणसाचा, त्या गुन्ह्याचा स्वतंत्र पुरावा लागतो. १८७१ च्या कायद्याने नेमकी हीच पायरी गाळली. फिरत्या जमातीचा कायदेशीर धंदा खरा की केवळ बहाणा, हेसुद्धा सरकारच्या मतावर सोडले होते.

१०/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. तर्क मात्र रद्द झाला नाही.

११/ १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. मुले पळवणारे अनोळखी असतात. बाजारात आलेली ही माणसेही अनोळखी होती. जमावाने उरलेली ओळ स्वतःच पूर्ण केली. भिक्षेसाठी मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा मारहाणीत मृत्यू झाला.

१२/ ‘अनोळखी’ या वर्तुळात त्या दिवशी बाजारात आलेला प्रत्येक परगावचा माणूस होता. ते वर्तुळ किती मोठे आहे, एवढे विचारायला कोणी थांबले नाही.