पोटदुखीचं वेळापत्रक

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. सिपकॉटची औद्योगिक वसाहत, मोटारींचा मोठा कारखाना, त्याला सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने. त्यांतल्याच एका लहान कारखान्यात सातारा जिल्ह्यातला एक तिशीतला तंत्रज्ञ तीन पाळ्यांमध्ये काम करतो. गेल्या वर्षी पाच महिने त्याचं पोट दुखत होतं. पंधरा-वीस दिवस दुखायचं, मग दोन-तीन आठवडे काहीच नाही, की पुन्हा सुरू. तमिळ येत नसल्यामुळे तिथल्या डॉक्टरांना नीट सांगता येईना, म्हणून त्याने गावच्या डॉक्टरांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी त्याचे फोटो चेन्नईत माझ्याकडे पाठवले. मी पोटविकारतज्ज्ञ आहे. इतकं उपयोगी पत्र माझ्या हाती क्वचितच येतं. त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘आदरणीय डॉक्टरकाका, सा. न. वि. वि.’ अशी सुरुवात करून त्याने पहिल्याच परिच्छेदात निकाल देऊन टाकला होता: इथलं चिंचेचं आंबट आणि तिखट सांबार मला मानवत नाही. गावाकडची भाकरी सुटली आणि पोट बिघडलं. हे त्याचं मत. पण पुढच्या तीन पानांवर त्याने रोजच्या नोंदी उतरवल्या होत्या, आणि त्या नोंदी वेगळंच सांगत होत्या.

‘मंगळवार, पहिली पाळी. साडेसातला चार इडल्या, सांबार. साडेदहाला दुखायला लागलं. बेंबीच्या वर चार बोटं, कुणीतरी कुरतडतंय असं. बाराला कॅन्टीनमध्ये जेवलो, सांबारभातच होता. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं.’ ‘शुक्रवार, रात्रपाळी. नऊला जेवलो. एक वाजता दुखणं सुरू. बिस्किटाचा पुडा खाल्ला, बरं वाटलं.’ ‘रविवार, सुट्टी. खोलीवर कांदा-लसूण मसाल्याचं मटण केलं. तीन तास काही नाही. नंतर दुखलं.’

या तीन नोंदी शेजारी ठेवून पाहा. सांबारानंतर दुखतं, मटणानंतरही दुखतं. म्हणजे पदार्थ बदलला तरी दुखणं बदलत नाही. सांबारभात खाल्ल्यावर तर ते थांबतं. कायम राहतं ते एकच, जेवण आणि वेदना यांमधलं अंतर, सुमारे तीन ते चार तास. पाळी बदलली की घड्याळातली वेळ बदलते, हे अंतर मात्र तसंच राहतं. दुखणं पदार्थाने होत नव्हतं, रिकाम्या पोटामुळे होत होतं.

लीड्सचे शल्यविशारद बर्कली मॉयनिहॅन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या ‘भुकेच्या वेदने’चं सविस्तर वर्णन केलं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ग्रहणीत, जखम झाली की असं दुखतं. अन्न पोटात असेपर्यंत ते आम्ल शोषून घेतं. दोन-तीन तासांत जठर रिकामं होतं, पण आम्ल झिरपतच राहतं आणि उघड्या जखमेवर उतरतं. काही खाल्लं की पुन्हा उतार पडतो. म्हणून असे रुग्ण पुष्कळदा बारीक होत नाहीत. सतत काहीतरी खात राहतात. याचंही वजन तीन किलोंनी वाढलं होतं, आणि ‘त्यामुळे आजार मोठा नसावा’ असं त्याने लिहिलं होतं.

पित्ताशयातले खडे असते तर नोंदी निराळ्या दिसल्या असत्या. तेलकट-तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठली असती, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली असती आणि बिस्किटांनी थांबली नसती. आतड्यांच्या संवेदनशीलतेचा विकार असता तर दुखण्याचा संबंध शौचाशी लागला असता.

तिखटाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण मराठी घरात अल्सरचा पहिला आरोप मिरचीवरच होतो. १९८४ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी ग्रहणीत जखम असलेल्या काही रुग्णांना औषधांबरोबर रोज तीन ग्रॅम लाल तिखट दिलं आणि इतरांना दिलं नाही. चार आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या जखमा सारख्याच भरल्या होत्या. तिखटाने काहींना जळजळ होते हे खरं, पण जखम त्याने होत नाही. खरा गुन्हेगार ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी शोधला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू १९८२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या.

आणि इथेच पत्राची शेवटची ओळ महत्त्वाची ठरली. ‘ता. क. उभ्याने काम असल्याने कंबर धरते, त्यासाठी मेडिकलमधून गोळी घेतो, पण ती पोटाची नाही.’ रुग्ण जे सहज, जाता जाता सांगतो तेच अनेकदा सगळ्यात मोलाचं असतं. ती गोळी डायक्लोफिनॅकची निघाली. महिन्यातून दहा-बारा दिवस, बऱ्याचदा अनशापोटी कॉफीबरोबर.

तरीही नुसत्या पत्रावर औषध देणं चुकीचं ठरलं असतं. मॉयनिहॅन यांचा रुग्णाच्या हकिकतीवर फार मोठा भरवसा होता, पण आज आपल्याला ठाऊक आहे की जखम नसतानाही अशी वेदना होऊ शकते आणि जखम असून काहीच दुखत नाही असंही घडतं. हकिकतीवरून शंका कुठे घ्यायची ते कळतं. खात्री दुर्बिणीतून होते. त्यातही एक अडचण होती. तो अधूनमधून पॅन्टोप्राझोल, म्हणजे ‘गॅसची गोळी’, घेत होता. तिच्याने जिवाणू दबतो आणि तपासणी खोटी नकारार्थी येते. म्हणून दोन आठवडे ती बंद ठेवली, कंबरेची गोळीही थांबवली, आणि मग एंडोस्कोपी केली. ग्रहणीच्या तोंडाशी पांढरट तळाची जखम होती. जठराच्या अस्तराचा कण युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये ठेवला, ते जेल पाहता पाहता गुलाबी झालं. जिवाणू युरिया फोडून अमोनिया बनवतो, त्याची ही खूण.

चौदा दिवस चार औषधं दिली. त्यांतल्या बिस्मथमुळे शौचाला काळी होते, हे त्याला आधीच सांगून ठेवलं. एरवी डांबरासारखी काळी शौच म्हणजे रक्तस्राव. औषधांचा एकही डोस चुकवू नको, हे मात्र मी दोनदा बजावलं, कारण आपल्याकडे हा जिवाणू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईनासा झाला आहे आणि अर्धवट उपचारांनी तो अधिकच चिवट होतो. बरं वाटतंय म्हणून फेरतपासणी टाळणारे पुष्कळ असतात. हा रात्रपाळी संपवून थेट आला. उपचार संपून सहा आठवडे झाल्यावर केलेल्या श्वासाच्या तपासणीत जिवाणू नव्हता. कंबरेसाठी व्यायाम आणि साधं पॅरासिटामॉल. सांबार तो आजही खातो.

तुमचं पोट असंच महिनोन्‌महिने दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं यापेक्षा केव्हा खाल्लं, त्यानंतर किती वेळाने दुखलं, नेमकं कुठे आणि कशाने थांबलं ते लिहा. घेत असलेली प्रत्येक गोळी लिहा, कंबरेची, डोकेदुखीची, आणि काढासुद्धा. पण शौच काळी झाली, उलटीत रक्त दिसलं, कारण नसताना वजन उतरलं, घास अडकू लागला किंवा अचानक असह्य कळ येऊन पोट लाकडासारखं कडक झालं, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.